गळालेले सहा अंक

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव खुर्दही आहे. गावं दोन, सातबारे वेगळे. आता एखाद्या छापील अर्जावर गावाच्या नावासाठी चारच चौकोन आखलेले आहेत असं समजा. दोन्ही गावांचे लोक ‘व-ड-गा-व’ एवढंच लिहू शकतील आणि अर्ज कुठल्या वडगावचा हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. अर्ज भरणारा माणूस असेल तर तो चौकोनाबाहेर, समासात बारीक अक्षरात ‘बु.’ किंवा ‘खु.’ लिहून ठेवतो. संगणकातल्या तक्त्याला समास नसतो. रकान्यात मावलं तेवढं राहतं. उरलेल्याचं काय करायचं हे ज्यानं त्याने तो डेटाबेस कसा बसवला आहे, त्यावर ठरतं. काही ठिकाणी काम थांबतं आणि तक्रार उमटते. काही ठिकाणी उरलेला भाग गुपचूप गळून पडतो आणि पुढची ओळ भरायला घेतली जाते.

हा लेख त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. कापणी नेहमी शेवटाकडून होते आणि आपण वापरतो त्या बहुतेक नावांची आणि क्रमांकांची खरी ओळख शेवटालाच असते. बुद्रुक-खुर्द शेवटी येतं, आडनाव शेवटी येतं, पावतीचा अनुक्रमांक शेवटी येतो. सुरुवातीचा भाग अनेकांना सारखाच असतो. त्यामुळे शेवट गळाला की नुसता तपशील कमी होत नाही, तर दोन वेगळ्या गोष्टी एकच होऊन बसतात.

उदाहरण बँकेच्या व्यवहारातलं घेतो, कारण तिथे हे अगदी लख्ख दिसतं. पुढची कंपनी, रकमा आणि बँकेचा संकेत मी उदाहरणापुरते रचले आहेत. क्रमांकाची घडण आणि डेटाबेसचं वागणं मात्र खरं आहे.

निफाड तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी कल्पूया. ती सभासदांचा कांदा व्यापाऱ्यांना विकते आणि पैसे बँकेतून घेते. सुरुवातीला सौदे लहान होते, पैसे एनईएफटीने येत. प्रत्येक व्यवहाराला बँक एक संदर्भ क्रमांक देते, त्याला सगळे यूटीआर म्हणतात. हिशेबाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने तेव्हा हाती असलेल्या शंभरेक नोंदी पाहिल्या. सगळे क्रमांक १६ अक्षरांचे होते. त्याने पावत्यांच्या तक्त्यात यूटीआरचा रकाना `VARCHAR(16)` असा आखला. व्हारचार म्हणजे कमी-जास्त लांबीचा मजकूर ठेवणारा रकाना आणि कंसातला आकडा म्हणजे त्याची कमाल मर्यादा. मर्यादा ४० ठेवली असती तरी १६ अक्षरांच्या क्रमांकाने १६ अक्षरांएवढीच जागा घेतली असती. इथे काटकसर करून काही वाचत नाही, तरी ती सवयीने केली जाते.

पुढे सौदे वाढले. दोन लाख आणि त्यावरच्या रकमा आरटीजीएसने येऊ लागल्या. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं पैसे पाठवणाऱ्या बँकेची, म्हणजे तिच्या आयएफएससी कोडची पहिली चार. पाचवं अक्षर R, आरटीजीएसचं. सहावं अक्षर व्यवहार कुठल्या मार्गाने आला ते सांगतं. मग आठ अंकी तारीख आणि शेवटी आठ अंकी अनुक्रमांक. १० जून २०२४ रोजी तीन व्यापाऱ्यांनी एकाच बँकेतून पैसे पाठवले, त्यांचे क्रमांक असे:

```
ABCDR52024061000004817
ABCDR52024061000005203
ABCDR52024061000009466
```

आता प्रत्येकातली पहिली सोळा अक्षरं मोजून वेगळी काढा:

```
ABCDR52024061000
ABCDR52024061000
ABCDR52024061000
```

बँक, मार्ग आणि तारीख एवढं सगळं शाबूत आहे. गळाले ते अनुक्रमांकाचे शेवटचे सहा अंक, आणि या तिघांना वेगळं करणारे अंक नेमके तेच होते. अनुक्रमांकाचे जे दोन अंक वाचले ते शून्य आहेत आणि अनुक्रमांक दहा लाखांच्या आत असेल तोवर ते शून्यच राहणार. म्हणजे त्या दिवशी त्या बँकेतून त्याच मार्गाने आलेला प्रत्येक आरटीजीएस व्यवहार या तक्त्यात बहुधा एकाच नावाने ओळखला जाणार. क्रमांक दिसायला मात्र अगदी खरा वाटतो. तो अर्धवट तुटल्यासारखा दिसत नाही, त्याच रकान्यातल्या एनईएफटीच्या क्रमांकांएवढाच लांब दिसतो.

हे भरताना कुणी अडवलं कसं नाही? कंपनीचा डेटाबेस मायएसक्यूएल आहे आणि कारकुनाने तयार केलेली दिवसाची पावत्यांची फाइल रोज रात्री या आज्ञेने भरली जाते:

```sql
LOAD DATA LOCAL INFILE 'jama.csv'
INTO TABLE pavtya
FIELDS TERMINATED BY ','
(tarikh, utr, rakkam);
```

त्या दिवशीच्या फाइलमध्ये ४० नोंदी होत्या, त्यांतल्या तीन आरटीजीएसच्या. डेटाबेसने उत्तर दिलं:

```
Query OK, 40 rows affected, 3 warnings (0.01 sec)
Records: 40  Deleted: 0  Skipped: 0  Warnings: 3
```

चाळीस ओळी गेल्या, चाळीस भरल्या. ‘Query OK’ हे पहिले शब्द. सगळं सांगणारे तीन इशारे ओळीच्या शेवटाला आहेत. लगेच `SHOW WARNINGS` विचारलं असतं तर हे दिसलं असतं:

```
Warning | 1265 | Data truncated for column 'utr' at row 12
```

पण हे इशारे शेवटच्या आज्ञेपुरतेच टिकतात, पुढची आज्ञा आली की पुसले जातात. रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या कामात ते विचारायला कुणी बसलेलं नसतं. म्हणून ‘डेटाबेसने काहीच सांगितलं नाही’ ही तक्रार पूर्ण खरी नाही. त्याने सांगितलं होतं, ऐकायची सोय कुणी केली नव्हती.

मायएसक्यूएल असा का वागतो याला इतिहास आहे. सुरुवातीच्या काळात त्याचे तक्ते एक काम अर्धवट झालं तर मागे घेऊ शकत नसत. शंभर ओळी भरताना साठाव्या ओळीला अडचण आली आणि तिथे थांबलं, तर आधीच्या एकोणसाठ तशाच राहणार. त्यापेक्षा मावेल तेवढं भरून पुढे जावं, असं धोरण ठेवलं गेलं. २००५ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीत ‘स्ट्रिक्ट मोड’ ही कडक शिस्त आली आणि २०१५ च्या ५.७ पासून ती आपोआप चालू असते. ती चालू असताना साध्या `INSERT` ने लांब मजकूर घातला की भरणी नाकारली जाते आणि १४०६ क्रमांकाची चूक येते: `Data too long for column`. एवढं वाचून लोक निश्चिंत होतात. तसं होऊ नये. वरच्या आज्ञेतला `LOCAL` हा शब्द ती शिस्त निष्प्रभ करतो. फाइल तुमच्या संगणकावरून सर्व्हरकडे वाहत येत असते आणि मधेच वाहणं थांबवायला सर्व्हरकडे साधन नसतं, म्हणून अशा चुका तो इशाऱ्यांमध्ये बदलतो आणि पुढे जातो. `INSERT IGNORE` मध्येही तेच होतं. अनेकजण नकोशा चुका टाळायला `IGNORE` लिहितात आणि हव्या असलेल्या चुकाही त्याबरोबर जातात.

इतर डेटाबेसही पूर्ण निर्दोष नाहीत. पोस्टग्रेस रकान्यात जास्तीचा मजकूर शिरू देत नाही, पण `utr::varchar(16)` असं रूपांतर मागितलं की तो निमूट कापून देतो, कारण ते तुम्ही मागितलेलं असतं. एसक्यूएल सर्व्हर तक्त्यात भरताना अडवतो, पण साठवलेल्या प्रोसिजरचा पॅरामीटर अरुंद असेल तर मजकूर तक्त्यापाशी पोहोचण्याआधीच तिथे कापला जातो. मोठ्या विदेसाठी वापरलं जाणारं हाइव्ह तर मर्यादेपलीकडचं गुपचूप कापतं, आणि तसं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलंही आहे.

आता महिनाअखेर. कंपनीकडे दोन तक्ते आहेत. एक `pavtya`, त्यात यूटीआर १६ अक्षरी. दुसरा `khate`, बँकेच्या स्टेटमेंटवरून भरलेला. तो नंतर आखला, म्हणून त्यातला रकाना ४० अक्षरांचा आणि यूटीआर पूर्ण आहेत. जुळवणी म्हणजे एका तक्त्यातला यूटीआर दुसऱ्यात शोधायचा. कुलूप आणि किल्लीसारखं. म्हणूनच अशा रकान्याला की म्हणजे किल्ली म्हणतात. एनईएफटीच्या सगळ्या नोंदी जुळल्या. आरटीजीएसची एकही नाही, कारण सोळा अक्षरी किल्ली बावीस अक्षरी कुलपात बसत नाही. संगणकाच्या दृष्टीने तो सरळ वेगळा शब्द आहे. ‘जवळपास सारखं’ असा प्रकार या तुलनेत नसतो. अहवालात तिन्ही पावत्यांसमोर ‘बँकेत जमा नाही’ असं आलं, एकूण ८,४०,००० रुपये. पैसे खात्यात आहेत, व्यापाऱ्यांकडे पुरावा आहे, आणि कंपनी त्यांना थकबाकीचा फोन करते आहे.

हा त्रासदायक प्रकार आहे, पण मला तो बरा वाटतो, कारण निदान बोंब होते. त्यानंतर बरेचदा जी दुरुस्ती केली जाते तिचं जास्त भय वाटतं. कुणीतरी दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहतो, त्याला दिसतं की पावतीतला क्रमांक स्टेटमेंटमधल्या क्रमांकाची सुरुवात आहे. तो जुळवणीत एक बदल करतो:

```sql
ON p.utr = LEFT(k.utr, 16)
```

सगळं जुळतं. इतकं जुळतं की पहिल्या पावतीला तिन्ही स्टेटमेंटच्या ओळी जुळतात, दुसरीला तिन्ही, तिसरीलाही तिन्ही. तीनच्या नऊ ओळी होतात. २,४०,०००, ३,१५,००० आणि २,८५,००० अशा तीन रकमांची बेरीज ८,४०,००० होती, ती जुळवणीच्या अहवालात २५,२०,००० दिसते. रोजच्या चाळीस ओळींच्या गर्दीत हे लगेच डोळ्यात भरेलच असं नाही. ‘जमा नाही’चा अहवाल तर रिकामा आलेला असतो, आणि रिकामा अहवाल कुणी पुन्हा तपासत नाही. किल्ली न लागणं हे एक दुखणं. एकच किल्ली तीन कुलपांना लागणं हे दुसरं, आणि त्याला आवाज नसतो.

तिसरीही शक्यता आहे. `pavtya` मध्ये यूटीआर हीच मुख्य किल्ली ठरवली असती, म्हणजे एक क्रमांक दोनदा चालणार नाही असा नियम असता, तर कापल्यानंतर दुसरी आणि तिसरी नोंद पहिलीचीच नक्कल ठरली असती. `LOCAL` मुळे ती चूकही इशारा होते आणि नक्कल वाटणाऱ्या ओळी टाकून दिल्या जातात. उत्तरात `Skipped: 2` एवढंच येतं. दोन व्यापाऱ्यांच्या पावत्या तक्त्यात कधी आल्याच नाहीत. एरवी रक्षण करणारा नियमच इथे नोंदी खाऊन टाकतो.

या कापणीचा मुद्दाम फायदाही घेतला गेला आहे. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक स्टेफान एसर यांनी वर्डप्रेस या लोकप्रिय प्रणालीत दाखवलं होतं की, नोंदणी सर्वांना खुली असेल तर कुणी ‘admin’, त्यापुढे ५५ मोकळ्या जागा आणि मग एक x असं नाव घेऊ शकतो. हे नाव आधीपासून आहे का, असं प्रणाली विचारते. नाही. मग नाव भरलं जातं. नावाचा रकाना ६० अक्षरांचा, त्यामुळे x गळतो आणि उरतं admin व मोकळ्या जागा. तुलना करताना मायएसक्यूएल शेवटच्या मोकळ्या जागा मोजत नसे, म्हणून आता तक्त्यात दोन admin झाले, एक खरा आणि एक पाहुणा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या २.६.२ आवृत्तीत हे बुजवलं गेलं. तपासणी पूर्ण नावाची झाली आणि साठवण कापलेल्या नावाची झाली, या फटीतून तो शिरला. आपल्या कांद्याच्या हिशेबातही फट तीच आहे.

कापणी झाली आहे का, हे ओळखायची एक साधी रीत आहे. रकान्यातल्या मजकुराच्या लांबीची मोजणी करायची:

```sql
SELECT CHAR_LENGTH(utr) AS lambi, COUNT(*)
FROM pavtya
GROUP BY lambi
ORDER BY lambi;
```

माणसांची नावं, पत्ते, मालाचं वर्णन अशा मजकुरात लांबी पसरलेली असते. कुणी १२ अक्षरं, कुणी १९, कुणी २७. मर्यादा ३० असेल आणि ३० वर अचानक मोठा ढीग दिसला, तर तिथे कात्री चालली आहे असं समजायला हरकत नाही. आपल्या उदाहरणात मात्र ही रीत फसते, कारण एनईएफटीचे खरे क्रमांकही १६ अक्षरीच आहेत आणि ढीग तिथेच असणं साहजिक आहे. ठरावीक लांबीच्या क्रमांकांबाबत म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: पाचवं अक्षर R आहे आणि लांबी २२ नाही, अशा किती ओळी? क्रमांकाची घडण माहीत असणाऱ्या माणसालाच हा प्रश्न सुचतो. तो बहुधा हिशेबनीस असतो, प्रोग्रामर नसतो. दोघांनी एकत्र बसून रकान्यांची यादी वाचली तर अर्ध्या तासात बरंच निघतं.

मराठी मजकुरात लांबी म्हणजे काय, हाच आधी प्रश्न आहे. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरं वाटतात. संगणक त्यात दहा चिन्हं मोजतो, कारण मात्रा, काना, हलन्त ही प्रत्येकी वेगळी चिन्हं आहेत. मायएसक्यूएलमध्ये मर्यादा चिन्हांची असते, म्हणून आठच्या रकान्यात ‘ज्ञानेश्’ एवढं उरतं. हलन्तावर तुटलेला शब्द दिसला की कापणीची खूण पटते. ॲमेझॉनच्या रेडशिफ्टमध्ये मात्र मर्यादा बाइटची असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. तिथे ३० चा रकाना म्हणजे देवनागरीची दहाच चिन्हं. इंग्रजी नावांवर तपासून पाहिलेला रकाना मराठी नावांना अपुरा पडतो तो असा. रेडशिफ्ट अशा वेळी भरणी नाकारतं, पण `TRUNCATECOLUMNS` असा पर्याय जोडला की मुकाट कापतं, आणि काम अडलं की तो पर्याय जोडला जातोच. नाशिक जिल्ह्यातली पिंपळगाव बसवंत आणि पिंपळगाव बहुला ही दोन नावं दहा चिन्हांत कापून पाहा. दोन्हीकडे ‘पिंपळगाव ब’ उरतं.

दुरुस्तीकडे वळू. पहिलं पाऊल रकाना रुंद करण्याचं:

```sql
ALTER TABLE pavtya MODIFY utr VARCHAR(40);
```

याने पुढची कापणी थांबते. आधी गळालेले अंक परत येत नाहीत, ते डेटाबेसमध्ये कुठेच नाहीत. ते मूळ सीएसव्ही फाइलमध्ये असतात, म्हणून भरणी झाल्यावर फाइल पुसण्याची सवय मोडायला हवी. फाइल आहे म्हणून ती थेट पुन्हा भरू नका. जुनी १६ अक्षरी नोंद आणि नवी २२ अक्षरी नोंद डेटाबेसला दोन वेगळे व्यवहार वाटतात, नक्कल टाळणारा नियमही त्यांना अडवत नाही, आणि प्रत्येक आरटीजीएस पावती दोनदा जमा होते. आधी कापलेल्या ओळी नेमक्या कोणत्या ते शोधायचं, त्या वेगळ्या ठेवायच्या, मग त्यांच्या जागी पूर्ण क्रमांक बसवायचे. `pavtya` वरून पुढे ज्या तक्त्यांत हा क्रमांक गेला असेल, उदाहरणार्थ सभासदांच्या देण्याचा तक्ता, तिथेही हेच करावं लागतं.

इथून पुढे नवी फाइल थेट मुख्य तक्त्यात न भरता आधी एका तात्पुरत्या तक्त्यात उतरवावी. त्याचे सगळे रकाने मुद्दाम ऐसपैस ठेवावेत, तिथे प्रत्येक रकान्याची कमाल लांबी मोजावी आणि मगच साध्या `INSERT … SELECT` ने, स्ट्रिक्ट मोड चालू ठेवून, मजकूर पुढे न्यावा. या वाटेत `LOCAL` चा ढिलेपणा फक्त ऐसपैस तक्त्यापुरता राहतो. मुख्य तक्त्याच्या दारात काही मावलं नाही तर काम खरोखर थांबतं.

मूळ फाइल हरवली असेल तर तारीख, रक्कम आणि उरलेली सोळा अक्षरं या तिन्हींवरून स्टेटमेंटमधला पूर्ण क्रमांक शोधता येतो. वरच्या तीन पावत्यांच्या रकमा वेगळ्या आहेत, म्हणून त्या सुटतात. पण त्याच दिवशी, त्याच बँकेतून, दोन व्यापाऱ्यांनी प्रत्येकी बरोबर अडीच लाख पाठवले असतील तर? `UPDATE` मध्ये दोन तक्ते जोडले आणि एका ओळीला दोन जोड्या मिळाल्या, तर मायएसक्यूएल ती ओळ एकदाच बदलतो आणि दोन्हींतली एक जोडी घेतो, काही न कुरकुरता. दोन्ही पावत्यांवर एकच यूटीआर चढू शकतो आणि पहिल्या चुकीच्या जागी दुसरी येऊन बसते. म्हणून आधी `SELECT` ने पाहावं की प्रत्येक कापलेल्या पावतीला नेमकी एकच जोडी आहे. जिथे दोन आहेत तिथे अंदाज करू नये. त्या ओळींमध्ये यूटीआरचा रकाना रिकामा ठेवावा, शेऱ्यात ‘बँकेकडून खात्री बाकी’ असं लिहावं, आणि सकाळी दोन्ही व्यापाऱ्यांना फोन करून त्यांच्या बँकेच्या पावतीवरचे बावीसच्या बावीस अंक-अक्षरं मोजून लिहून घ्यावीत.